आयएस बॅरियर: लेव्हल नव्वदच्या वर का जात नाही आणि बाकीचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापूर पट्ट्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, इथेनॉलच्या टाक्या आहेत, त्यामुळं इन्स्ट्रुमेंटची पोरं आयएस, म्हणजे इंट्रिन्सिकली सेफ, बॅरियरबद्दल सारखी विचारत असतात. तेच तेच फोनवर सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढलं. सगळी उदाहरणं इथेनॉल टाकीच्या डोक्यावरच्या एका रडार लेव्हल ट्रान्समीटरचीच घेतलीत, दहा ठिकाणी उड्या मारत नाही.

बॅरियर म्हणजे नेमकं काय? फ्यूजच ना तो?

फ्यूज त्यात असतोय, पण तेवढाच नसतोय. साधा झेनर बॅरियर फोडून बघितला (फुटत नाही म्हणा, पूर्ण रेझिनमध्ये भरलेला असतो) तर आत तीनच जाती सापडतील: कंट्रोल रूमच्या बाजूनं आधी फ्यूज, मग लाइन आणि अर्थ यांच्यामध्ये झेनर डायोड, आणि शेवटी फील्डकडं जाताना एक रेझिस्टर. रेझिस्टर करंट अडवतो, झेनर व्होल्टेज अडवतो, आणि फ्यूज झेनरला वाचवतो. फ्यूज ट्रान्समीटरसाठी नाही, झेनरसाठी आहे, हे बऱ्याच जणांना दहा वर्षं नोकरी करूनपण माहीत नसतं.

समजा पॅनलमध्ये कुणाचा तरी हात चुकला आणि चोवीस व्होल्टच्या वायरवर २३० व्होल्ट एसी आलं. झेनर लगेच चालू होतो आणि फील्डकडची वायर २८ व्होल्टच्या वर जाऊ देत नाही, उरलेलं सगळं अर्थला ढकलतो. पण असा झेनर किती वेळ टिकणार, जळणारच की, म्हणून तो जळायच्या आधी फ्यूज उडाला पाहिजे असं डिझाइन करतात. आणि हा फ्यूज बदलता येत नाही, मुद्दामच, कारण बदलता आला असता तर आपल्याकडं त्यात तांब्याची तार कुणी घातली असती हे सांगायला नको.

झेनर एक नसतो, दोन किंवा तीन असतात, एकाला एक समांतर. `ia` दर्जाचा असेल तर दोन दोष एकाच वेळी झाले तरी सेफ राहायला पाहिजे, `ib` असेल तर एक दोष. टाकीच्या आत जिथं वाफ कायम असते तो झोन शून्य, तिथं `ia` च लागतो.

पण स्पार्क तर होणारच ना? मग सेफ कसं?

होणार. वायर तुटली, टर्मिनल ढिलं झालं, कुणी चालू लूपमध्ये कव्हर उघडून स्क्रू लावला, ठिणगी पडणारच. फ्लेमप्रूफमध्ये ती आतल्या आत कोंडून ठेवतात, आयएसमध्ये ती पडू देतात पण एवढी अशक्त करून ठेवतात की वाफ पेटत नाही. विचारच उलटा आहे.

आणि इथेनॉलच्या बाबतीत हे जरा गंभीरपणे घ्या. पेट्रोलच्या टाकीत आतली वाफ बहुतेक वेळा एवढी दाट असते की ती पेटायच्या मर्यादेच्या वर असते. इथेनॉलचं तसं नाही. त्याची वाफ हवेत साधारण ३.३ ते १९ टक्के असली की पेटते, आणि २० अंश तापमानाला बंद टाकीत ती सहा टक्क्यांच्या आसपास, ४० अंशाला सतरा-अठराच्या आसपास असते. म्हणजे थंडीतली सकाळ ते एप्रिलची दुपार, कोल्हापूरच्या हवेत टाकीतली मोकळी जागा जवळजवळ वर्षभर पेटायच्या रेंजमध्येच बसलेली असते. तुमच्या रडारचा अँटेना त्याच वाफेत लटकतोय.

ही कल्पना आली कोळशाच्या खाणीतून. १४ ऑक्टोबर १९१३ ला वेल्समधल्या सेंघेनिड खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार गेले आणि संशयितांमध्ये एक होती खाणीतली सिग्नल द्यायची साधी बॅटरीवरची घंटी. त्यानंतर घंटीच्या तारांमधली ठिणगी किती असली की मिथेन पेटतो हे मोजायला लागले, तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला.

२८ व्होल्ट, ३०० ओहम, ९३ मिलिअँप हे आकडे कुठून येतात?

सोपं आहे. झेनर २८ ला धरतो, पुढं ३०० ओहमचा रेझिस्टर आहे, फील्डमध्ये दोन्ही वायरा एकमेकीला चिकटल्या तर जास्तीत जास्त करंट २८ भागिले ३००, म्हणजे ९३ मिलिअँप. पॉवर जास्तीत जास्त किती मिळणार? या व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकाराचा चौथा भाग, ०.६५ वॉट. बस्स, कंट्रोल रूममध्ये काहीपण बिघडू दे, फील्डला याच्यापेक्षा जास्त जाणार नाही.

आता याच्याशी तुलना करा: पॅनलमधला सप्लाय २४ व्होल्ट १० अँपचा असतो. बॅरियर नसताना शॉर्ट झाला तर दहा अँप आणि क्षणभर त्याच्यापेक्षा जास्त. कुठं दहा हजार मिलिअँप आणि कुठं ९३.

मग ट्रान्समीटर आणि बॅरियर मॅच कसे करायचे? दोन्ही सर्टिफाइड आहेत की!

दोन्ही सर्टिफाइड असून जोडी चुकीची असू शकते. बॅरियर काय बाहेर सोडू शकतो आणि ट्रान्समीटर काय सहन करू शकतो हे दोन्ही सर्टिफिकेटवरून लिहून काढायचं. U व्होल्टेज, I करंट, P पॉवर, C कपॅसिटन्स, L इंडक्टन्स; o लावलेलं बॅरियरचं, i लावलेलं ट्रान्समीटरचं:

```
Uo ≤ Ui
Io ≤ Ii
Po ≤ Pi
Ci + Ccable ≤ Co
Li + Lcable ≤ Lo
```

पहिले तीन सरळ आहेत. समजा ट्रान्समीटरवर ३० व्होल्ट, २०० मिलिअँप, ०.९ वॉट लिहिलंय, आपला बॅरियर २८, ९३, ०.६५, म्हणजे पास. लोक इथंच थांबतात आणि खालच्या दोन ओळींकडं बघत नाहीत.

केबल हा एक लांबच लांब कपॅसिटर असतो. त्यात एनर्जी साठते आणि वायर चिकटली की ती एका झटक्यात ठिणगीत जाते, बॅरियरचा रेझिस्टर तिथं काहीच करू शकत नाही कारण ती एनर्जी त्याच्या पलीकडं साठलेली असते. म्हणून केबलवर मर्यादा. केबलचा डेटा नसेल तर मीटरला २०० पिकोफॅराड आणि १ मायक्रोहेन्री धरायचं असं इन्स्टॉलेशनच्या स्टँडर्डमध्येच आहे (आपल्याकडं आयएस/आयईसी ६००७९-१४).

टाकी कंट्रोल रूमपासून २०० मीटर. केबलचे झाले ४० नॅनोफॅराड, ट्रान्समीटरचे समजा १०, एकूण ५०. अठ्ठावीस व्होल्टला आयआयसी या हायड्रोजनवाल्या गॅस गटात ८३ नॅनोफॅराडपर्यंत चालतं, आयआयबी मध्ये ६५०. इथेनॉल हल्लीच्या यादीत आयआयबी मध्ये येतं (जुन्या चार्टमध्ये आयआयए दिसेल, त्यावर जाऊ नका). म्हणजे आपल्या केसमध्ये तीन किलोमीटर केबल टाकली तरी कपॅसिटन्सनं अडत नाही, पण हाच लूप हायड्रोजनच्या ठिकाणी असता तर ३६५ मीटरला गाडी थांबली असती. इंडक्टन्सचं पण असंच बघायचं, २०० मीटरला ०.२ मिलिहेन्री होतात, सर्टिफिकेटवर त्याच्या कितीतरी पट जागा असते. एक गोम मात्र आहे: ट्रान्समीटरच्या आतला कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स दोन्ही मर्यादेच्या एक टक्क्यापेक्षा जास्त असतील तर दोन्ही मर्यादा निम्म्या धरायच्या.

अर्धा सी व्ही स्क्वेअर काढलं तर ८३ नॅनोफॅराडला ३२ मायक्रोज्यूल येतात, हायड्रोजन तर २० लाच पेटतो म्हणतात?

हा प्रश्न विचारणाऱ्याला माझ्याकडून एक कटिंग. तो २० चा आकडा आदर्श परिस्थितीतला आहे, दोन टोकांमध्ये बरोबर अंतर ठेवून हाय व्होल्टेज ठिणगी पाडली तर. आपल्या लूपमध्ये कमी व्होल्टेजवर दोन धातू एकमेकांना टेकतात नाहीतर सुटतात, तेव्हा बरीचशी उष्णता धातूच खाऊन टाकतो. म्हणून मर्यादा सूत्रावरून न काढता प्रत्यक्ष टेस्टवरून काढल्यात: खाचा पाडलेली कॅडमियमची चकती आणि टंगस्टनच्या तारा गॅसमध्ये फिरवत हजारो ठिणग्या पाडायच्या आणि पेटतंय का बघायचं, आणि त्यावर परत दीडचा सेफ्टी फॅक्टर. सूत्र फक्त अंदाजाला, निर्णय टेबलवरून.

आमची लेव्हल नव्वदच्या वर जातच नाही, ट्रान्समीटर तर लॅबमध्ये ओके दाखवतोय. काय झालंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि हे सगळं लिहायचं खरं कारणपण हेच, म्हणून इथं जरा पसरून लिहितो.

इकडच्याच एका डिस्टिलरीत (नाव नको) हंगामाच्या ऐन मध्यात हे झालं होतं. टाकी भरत होती, पंप चालू, स्क्रीनवर लेव्हल ८९.५ ला आली आणि तिथून ट्रेंड पट्टीनं रेघ मारल्यासारखा सरळ. ऑपरेटरला वाटलं पंप बंद पडला. खाली जाऊन बघतोय तर पंप चालूच, डिप टेप टाकली तर ९४. हाय लेव्हल अलार्म ९२ ला लावलेला, तो कधी वाजलाच नाही, आणि वाजणारही नव्हता. वर व्हेंटमधून स्पिरिट यायला किती वेळ राहिला होता ते सांगत नाही, पण चहा प्यायला गेले असते तर आलं असतं.

ट्रान्समीटर काढला, लॅबमध्ये २४ व्होल्टला जोडला, ४ ते २० मिलिअँप, म्हणजे शून्य ते शंभर टक्के लेव्हल, झकास. परत लावला, परत ८९.५. दोन दिवस कंपनीवाल्याला शिव्या. मग गणित मांडलं.

लूपमध्ये काय काय आहे? पॅनलमध्ये सप्लाय म्हणायला २४ पण बॅरियरच्या टर्मिनलवर मोजला तर २३.४. पीएलसी कार्डचा इनपुट २५० ओहम. बॅरियर म्हणायला ३०० ओहमचा, पण फ्यूज वगैरे धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३४०, हा आकडा डेटाशीटवर बारीक अक्षरात असतो. रिटर्न चॅनलमधल्या डायोडला दीड व्होल्ट जातात. केबल दीड स्क्वेअरची, जाऊन येऊन ४०० मीटर, साधारण ५ ओहम. आणि रडारला वीस मिलिअँपला चालायला कमीत कमी ११ व्होल्ट लागतात.

```
R = 250 + 340 + 5 = 595 ohm
V = 23.4 - 1.5 - 11 = 10.9 V
I = 10.9 / 595 = 0.01832 A = 18.32 mA
level = (18.32 - 4) / 16 = 89.5 %
```

जुळलं की नाही! ट्रान्समीटरनं २० मिलिअँप सोडायचा कितीही प्रयत्न केला तरी त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेजच उरत नव्हतं. सप्लाय बरोबर २४ असता तरी १९.३ पर्यंतच गेला असता, म्हणजे साधारण ९६ टक्के. लॅबमध्ये हे दिसणार कसं, तिथं ना बॅरियर ना केबल.

हे आपल्याकडं झालंय का ते पटकन कसं ओळखायचं?

हँडहेल्ड कम्युनिकेटरवरून (आयएस रेटिंगचा पाहिजे) ट्रान्समीटरला लूप टेस्टमध्ये २० मिलिअँप सोडायला सांगायचं आणि कंट्रोल रूममध्ये मोजायचं. वीसच्या जागी अठरा-एकोणीस आला आणि १२ मिलिअँपला मात्र बरोबर १२ आला की समजायचं, ट्रान्समीटर बिघडलेला नाही, व्होल्टेज उपाशी आहे. खालच्या लेव्हलला सगळं बरोबर असतं म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो, टाकी पूर्ण भरायची वेळ येते तेव्हाच बाहेर येतो.

मग बॅरियर बायपास केला तर? आमच्याकडं एकानं जंपर टाकला आणि रीडिंग लगेच बरोबर आलं.

येणारच! ३४० ओहम गेले, ६.८ व्होल्ट परत मिळाले, रीडिंग सुधारलं, साहेब खूश. इथंच सगळी फसगत आहे: बॅरियर काढला की लूप जास्त चांगला चालतो, स्क्रीनवर काहीच चुकीचं दिसत नाही, अलार्म येत नाही. जे ६.८ व्होल्ट चोरीला गेले असं वाटत होतं तीच सुरक्षा होती, तो रेझिस्टर करंट अडवतोय म्हणूनच व्होल्टेज पडतंय. जंपर टाकलेल्या त्या लूपवर झोन शून्यमध्ये आता १० अँपचा सप्लाय सरळ उघडा आहे. असा जंपर दिसला तर आधी पॅनलमधून लूप बंद करा, मग भांडा.

सप्लायचा पॉट फिरवून व्होल्टेज वाढवलं तर चालेल का?

थोडं चालेल. झेनर २८ ला धरतो पण त्याच्या आधीपासूनच गळायला लागतो, म्हणून अशा बॅरियरला काम करायची मर्यादा साधारण २६ व्होल्ट असते. वरच्या गणितात टर्मिनलवर २५.५ केले तर २१.८ मिलिअँपपर्यंत जागा मिळते, म्हणजे काम होतं, आणि सुरक्षेला धक्का लागत नाही कारण झेनर आहे तिथंच आहे. पण सप्लाय रेग्युलेटेड पाहिजे आणि त्याच सप्लायवर बाकी काय काय आहे ते बघायला पाहिजे. वरच्याच प्लांटमध्ये एका उत्साही पोरानं गणित न करता पॉट फिरवून २७.५ केलं, पाच मिनिटात त्या ओळीतले चार बॅरियर उडाले. फ्यूज आतला, बदलता येत नाही, चारही भंगारात.

आम्ही शेवटी काय केलं? झेनर काढून आयसोलेटेड बॅरियर लावला. त्यात ट्रान्सफॉर्मर असतो, फील्डला स्वतःचा वेगळा सप्लाय देतो, बरेचसे वीस मिलिअँपला १५ व्होल्ट किंवा जास्त देतात आणि पीएलसीचे २५० ओहम फील्डच्या लूपमध्ये येतच नाहीत. बदलल्यावर वरच्या पाच ओळी परत नव्या सर्टिफिकेटवरून मांडल्या, हे विसरू नका, बॅरियर बदलला की आकडे बदलतात.

झेनर घ्यायचा की आयसोलेटेड? माझं मत विचारत असाल तर

नवीन काम असेल तर आयसोलेटेड. महाग आहे, मान्य. पण झेनरचा सगळा जीव अर्थिंगमध्ये असतो आणि आपल्याकडच्या अर्थिंगवर माझा विश्वास नाही.

झेनरला वेगळं अर्थिंग कशाला? पॅनलची बॉडी आहे की.

झेनर जास्तीचं व्होल्टेज अर्थला ढकलतो, हे वर आलंच. आता ती अर्थची वाटच खराब असेल तर? समजा दोषाच्या वेळी फ्यूज उडेपर्यंत १० अँप वाहिले आणि अर्थ वायरीत ३ ओहम आहेत, तर बॅरियरची अर्थ पट्टी स्वतःच ३० व्होल्टनं वर उचलली जाते, आणि फील्डमधला टाकीचा लोखंडी सांगाडा आहे तिथंच. म्हणजे टाकीपाशी वायर आणि सांगाडा यांच्यात २८ नाही, ५८ व्होल्ट. म्हणून नियम असा की बॅरियरच्या पट्टीपासून मेन अर्थ पॉइंटपर्यंत १ ओहमपेक्षा कमी, आणि वायर एक असेल तर निदान ४ स्क्वेअर, नाहीतर दीड स्क्वेअरच्या दोन वेगवेगळ्या. मी दोनच टाकतो, कारण एक एक सोडून दुसरीतून मोजता येतं, लूप चालू असताना.

हा १ ओहम जमिनीतल्या खड्ड्याचा नाही बरं का. खड्ड्यात पाणी आणि मीठ ओतून मेगर दाखवणारे खूप भेटतात. हा तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स आहे, पट्टीपासून सप्लायच्या न्यूट्रल जिथं अर्थ केलाय तिथपर्यंत. पावसाळ्यानंतर एकदा बघा, लग हिरवे पडलेले असतात.

आरटीडी किंवा साधा लिमिट स्विच असेल तर बॅरियर कशाला? त्यात तर काहीच नाही.

त्यात काही नाही, पण त्याला जोडलेल्या वायरीत कंट्रोल रूममधून काय येईल ते कोण सांगणार? ते साधं उपकरण म्हणून धरतात, वेगळं सर्टिफिकेट लागत नाही, पण बॅरियर लागतोच.

बॅरियर जिवंत आहे का मेला ते कसं तपासायचं?

लूपमधून पूर्ण बाहेर काढून, मल्टीमीटरनं इकडून तिकडं ओहम मोजायचे. डेटाशीटमध्ये ३४० लिहिलंय आणि त्याच्या आसपास आलं तर ठीक, ओपन दाखवलं तर फ्यूज गेला. यावरून झेनर चांगले आहेत हे मात्र कळत नाही, एवढं डोक्यात ठेवा. केबलला मेगर लावायचा असेल तर दोन्ही टोकं सोडून, नाहीतर ५०० व्होल्ट थेट बॅरियरवर.

बॅरियरवर `[Ex ia Ga] IIC` लिहिलंय, मग तो टाकीजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवला तर केबल वाचेल ना?

नाही! ते चौकोनी कंस त्यासाठीच आहेत. कंस म्हणजे बॅरियर स्वतः सेफ एरियात बसणार, त्याच्यातून निघालेली वायर झोनमध्ये जाऊ शकते. गोकुळ शिरगावच्या एका पॅनलवाल्याकडं मी हा कंस खडूनं भिंतीवर काढून ठेवलाय.

निळी केबल घेतली, आता बाकीच्या केबलबरोबर एकाच ट्रंकिंगमध्ये टाकू का?

निळा रंग ओळखायला आहे, कवच नाही. शेजारच्या २३० च्या केबलचं इन्सुलेशन गेलं आणि ते बॅरियरच्या पलीकडं, फील्डच्या बाजूला चिकटलं, तर बॅरियर बघतच बसणार, कारण त्याच्या पाठीमागून एनर्जी आत आलीय. ट्रंकिंग वेगळं किंवा मध्ये पार्टिशन, आणि टर्मिनलमध्ये आयएस आणि बाकीच्यांत ५० मिलिमीटर. पॅनलमध्ये जागा कमी पडली की पहिला बळी याच पन्नास मिलिमीटरचा जातो, तेव्हा पॅनल घेतानाच पट्टी लावून मोजा, नंतर कुणी हलवत नाही.